चतुर्थेश बाराव्यात, तोपण नीचेचा. घर होणारच नाही म्हणालेत, खरं का?

मलप्रभाकाठ
नमस्कार सगळ्यांना. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ गोव्यात कंपनीत आहे, ३६ पूर्ण, लग्न झालंय, एक मुलगी. गेली ११ वर्षं तिकडंच भाड्यानं राहतोय. आता फोंड्याला एक फ्लॅट बघून ठेवलाय आणि इकडं गावात आजोबांच्या घरात आमच्या बाबांचा हिस्सा आहे, तिथं बांधायचं का तिकडं घ्यायचं हे चाललंय. आईनं एका ठिकाणी पत्रिका दाखवली, तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की चौथ्याचा मालक बाराव्यात नीचेचा पडलाय, ह्याच्या नावावर घर होणार नाही, घेतलं तर बुडणार. आई तेव्हापासून जेवण नीट करेना झालीय वो. मला पत्रिकेतलं फार कळत नाही, बारा घरांची नावं तेवढी माहीत. पत्रिका अशी आहे: सिंह लग्न ४ अंश, रवी शुक्र मिथुनेत, मंगळ कर्केत १४ अंश ५० कला, चंद्र वृश्चिकेत २७ अंश ज्येष्ठा नक्षत्र, गुरू वृषभेत, शनि धनूत, राहू कुंभेत केतू सिंहेत. जन्म वटपौर्णिमेचा, सकाळी १०.२२. एवढ्यावरून कुणी सांगू शकेल काय, की खरंच असं एका ओळीत ठरतंय?

निपाणी_नाका
ताई नियम तर तोच आहे. ६, ८, १२ ही त्रिकस्थानं, ज्या घराचा मालक तिथं जातो त्या घराची हानी. चौथं घर वास्तूचं, मालक मंगळ, व्ययात, नीच राशीत म्हणजे जिथं तो सगळ्यात कमजोर. सांगणाऱ्यानं चुकीचं नाही सांगितलं. पण एक आहे, चंद्र चौथ्यात म्हणजे केंद्रात आहे, कर्केचा मालक केंद्रात म्हणून नीचभंग होतो आणि नीचभंग झाला की राजयोग. म्हणजे उलट बंगला होणार बघा, फ्लॅट नाही, मोठा बंगला. आईंना सांगा जेवा म्हणून.

गोवावेस_सचिन
माझापण मंगळ बाराव्यात आहे, तीन ठिकाणी मुलीकडच्यांनी नकार दिला. कर्केत नाही, तुळेत आहे. ह्याला काय उपाय आहे का, कारण घरात आता सगळे मागं लागलेत आणि मंगळाची मुलगीच बघा म्हणतात

हुक्केरीचे_गुरुजी
सचिन, तुझा प्रश्न वेगळा आहे रे, मंगळदोष ही गुणमेलनाची गोष्ट, इथं मंगळ आलाय तो चौथ्या घराचा मालक म्हणून. तू वेगळा धागा काढ, मी येतो तिथं.

मलप्रभाकाठ ताई, सावकाश सांगतो, कारण ह्या पत्रिकेत एक गोष्ट आहे जी पाच मिनिटांत दिसत नाही.

आधी बारा घरं. तनु, धन, सहज, सुख, सुत, रिपु, जाया, मृत्यू, धर्म, कर्म, लाभ, व्यय ही नावं तुम्हाला माहीत आहेत म्हणता. पण ह्या नावांनीच लोकांची फसगत होते. बाराव्याला व्यय म्हणतात आणि ऐकणारा नुकसान ऐकतो. व्यय म्हणजे खर्च. सिमेंटची पोती आणली तरी व्यय, रजिस्ट्रीला मुद्रांक भरला तरी व्यय. आणि त्याच बाराव्यात परमुलूख येतो, जन्मगावापासून लांबचं राहणं येतं, अंथरूण येतं, दवाखाना येतो, शेवटी मोक्षपण येतो. चौथं घरपण तसंच, त्यात नुसती वास्तू नाही, आई आहे, जमीन आहे, वाहन आहे, मनाचा निवांतपणा आहे. म्हणून प्रश्न विचारायच्या आधी ठरवायचं की आपण चौथ्यातलं नेमकं काय विचारतोय. इथं विचारतोय भिंती आणि छप्पर.

आता मालक. मी शाळेत असताना पोरांना असं सांगायचो, की घर म्हणजे गावातला वाडा आणि भावेश म्हणजे त्या वाड्याचा मालक. वाडा कसा आहे ते वाडा बघून कळतंय, पण वाड्याचं पुढं काय होणार ते मालक कुठं जाऊन राहिलाय त्यावर. मालक बेळगावात बाजारात बसला असला तर वाड्याचं भाडं येतंय, मालक आजारी पडून दवाखान्यात असला तर वाड्याची कौलं सरकतात. तेवढ्यासाठी आधी बघायचं मालक कुठं गेलाय, मग त्याची तिथं तब्येत कशी आहे, मग तो ज्याच्या घरात उतरलाय तो यजमान कसा आहे, आणि शेवटी मालक स्वतः नसला तरी आपल्या वाड्याकडं कुणाचं लक्ष आहे काय. ह्यातलं पहिलंच बघून तुमच्या त्या गृहस्थांनी वही मिटली.

मालक कुठं गेलाय ते दोनदा मोजायचं. लग्नापासून मंगळ बारावा, बरोबर. पण वृश्चिकेपासून मोजा, वृश्चिक एक, धनू दोन, असं कर्केपर्यंत आलं की नऊ येतात. आपल्या घरापासून तो नवव्यात गेलाय, म्हणजे घरासाठी भाग्यातच आहे. कुठल्याही लग्नाला चतुर्थेश बारावा असला की हे असंच येणार, म्हणून एवढ्यावर खूष व्हायचं नाही, पण एवढ्यावर घाबरायचंपण नाही. अर्थ एवढाच की घराचा विषय जन्मगावाबाहेर आणि खर्चानं जातोय. ११ वर्षं गोव्यात भाड्यानं, हेच की ते. ही पत्रिका आधीच बोलून गेलीय.

बाकीचं रात्री लिहितो, आता वीज जायची वेळ झाली.

शहापूरची_मावशी
गुरुजी तुमचं वाचून मला माझं आठवलं. माझं कन्या लग्न, चौथ्याचा मालक गुरू, तो बाराव्यात सिंहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून २२ वर्षं भाड्याच्या घरात, चार घरं बदलली, दर वेळी ट्रंक बांधायची आणि पोरांच्या शाळा बघायच्या. सगळे म्हणायचे हिचं घर होणार नाही. मग सासूबाई गेल्या आणि त्यांच्या नावचं शहापुरातलं घर आमच्याकडं आलं, आम्ही एक विटपण रचली नाही. मला कुणीतरी सांगितलं होतं की तुमचा रवी आठव्यात उच्चेचा आहे म्हणून असं झालं, पण मला त्याचा संबंध कळला नाही.

हुक्केरीचे_गुरुजी
मावशी, संबंध सरळ आहे आणि ह्या धाग्याला उपयोगाचा आहे. तुमचा चतुर्थेश गुरू सिंहेत उतरला, म्हणजे त्याचा यजमान रवी. यजमान बसला आठव्यात, जे वारशाचं घर, आणि तिथं उच्चेचा. मालक लांब गेला म्हणून २२ वर्षं लागली, पण तो ज्याच्याकडं उतरला होता त्यानं वारसाच्या वाटेनं घर आणून दिलं. नुसता "चतुर्थेश व्ययात" एवढं वाक्य तुम्हालापण लागू आणि खानापूरच्या ह्या मुलालापण लागू, आणि दोघांची गोष्ट मात्र वेगळी, कारण यजमान वेगळा.

आता मुलाचं. मंगळ कर्केत, यजमान चंद्र. चंद्र कुठं? वृश्चिकेत. वृश्चिक कुणाची? मंगळाची. म्हणजे मंगळ चंद्राच्या घरी आणि चंद्र मंगळाच्या घरी. हा परिवर्तन योग. दोन वाडेवाले एकमेकांच्या वाड्यात राहायला गेलेत. एक खानापुरात घर असलेला फोंड्यात राहतोय आणि फोंड्याचा माणूस त्याच्या खानापूरच्या घरात, आणि दोघं एकमेकांचं घर सांभाळतात, कारण आपलं दुसऱ्याच्या हातात आहे. इथं मंगळाला बेवारस म्हणता येत नाही. निपाणी_नाका म्हणतात तसा नीचभंगपण आहे, चंद्र केंद्रात, शिवाय कर्केत उच्च होणारा गुरू तोपण दहाव्यात केंद्रात. पण नीचभंग म्हणजे बंगला हे माझ्या अनुभवात कधी आलं नाही. नीचभंगानं आजारी माणूस उठून कामाला लागतो, पैलवान होत नाही. पहिला टप्पा त्रासाचा जातोच, पहिला प्रयत्न फसतो, मग सुधारतं.

मंगळाची तब्येत बघायला अजून एक जागा, नवमांश, म्हणजे राशीचे नऊ भाग करून मांडलेली दुसरी पत्रिका. १४ अंश ५० कला म्हणजे पुष्याचा चौथा चरण, नवमांशात मंगळ वृश्चिकेत, स्वतःच्या घरात. राशीत नीच आणि नवमांशात स्वगृही, हा मोठा आधार मी धरतो. हाच मंगळ ९ अंशावर असता तर नवमांश कन्या येत होता आणि एवढं बळ नव्हतं. आणि चंद्र नीच असला तरी पौर्णिमेचा आहे, पूर्ण उजेडाचा, हे विसरू नका.

आता वाड्याकडं लक्ष कुणाचं. मंगळ बाराव्यातून चौथी दृष्टी टाकतो तिसऱ्यावर, सातवी सहाव्यावर, आठवी सातव्यावर. चौथ्याकडं तो बघतच नाही. ही उणीव आहे, मी लपवत नाही. पण गुरू वृषभेतून समोर वृश्चिकेकडं पूर्ण बघतोय, चौथं घर आणि त्यातला चंद्र दोन्ही त्याच्या नजरेत. आणि मंगळाची सातवी दृष्टी सहाव्यावर आहे, सहावं कर्जाचं. म्हणून मी म्हणेन घर होईल, गावाबाहेर होईल, बँकेच्या कर्जावर होईल, आणि हप्ता बरीच वर्षं जाईल.

निपाणी_नाका
गुरुजी परिवर्तन माझ्या नजरेतून सुटलं हे मान्य. पण गुरूची दृष्टी आहे म्हटल्यावर मग काळजी कसली, गुरू बघतो ते घर वाचतंच.

हुक्केरीचे_गुरुजी
सिंह लग्नाला गुरू कुठल्या घरांचा मालक ते बघा की. धनू पाचवं आणि मीन आठवं. तो पाचव्याचा म्हणून चांगला, पण बघताना आठवं घर बरोबर घेऊन बघतो. म्हणून गुरू बघतोय म्हणून घर वाचेल हे खरं आणि त्या घराबरोबर आठव्याचं काहीतरी, वारसा, जुनी कागदं, लपलेली वाटणी येईल हेपण खरं. मालकाला दोन घरं असली की तो दोन्ही पिशव्या घेऊन हिंडतो. तेच मंगळाला लावा, मंगळाकडं चौथ्याबरोबर नववंपण आहे, बाप आणि भाग्य. ताई, बाबांच्या हिश्शाचा प्रश्न उगीच आला नाही.

अनगोळची_वैशाली
गुरुजींचं सगळं वाचलं, बरंच पटलं, एका जागी अडतेय. परिवर्तन असलं तरी ते चौथ्याचं आणि बाराव्याचं आहे. त्रिकेशाशी अदलाबदल झाली की जुने लोक त्याला दैन्य योग म्हणतात, राजयोगात धरत नाहीत. बाराव्याचा मालक चंद्र येऊन चौथ्यात बसलाय म्हणजे खर्चाचा मालक घरात शिरला. मी अशा दोन पत्रिका जवळून बघितल्यात, दोघांची घरं झाली पण एकाचं बांधकाम अर्धवट पडून तीन पावसाळे गेले, आणि दुसऱ्याच्या आईचं आजारपण घराच्या पैशात आलं. चंद्र आईचा कारक, तोच व्ययेश, तोच चौथ्यात. मला घरापेक्षा आईच्या तब्येतीची बाजू जास्त दिसते. मुलाच्या आई कशा आहेत?

मलप्रभाकाठ
वैशालीताई, आईला दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यात भावानंच पैसे घातले, फ्लॅटसाठी साठवलेले. वाचून अंगावर काटा आला. बाकी बरी आहे. आणि गुरुजी, बाबांच्या हिश्शाचं तुम्ही म्हणालात तेपण खरंय, उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे आणि दोन काका व एक आत्या आहेत, वाटणी झालेली नाही.

कित्तूर_रोड
माझं पत्रिकेतलं ज्ञान शून्य, पण उताऱ्यावर आजोबांचं नाव असेल तर आधी वारसा लावून घ्या आणि आत्याची सही घ्या, नाहीतर बांधलेल्या घरावर स्टे येतो. आमच्या गल्लीत एकानं स्लॅबपर्यंत आणून पाच वर्षं कोर्टात घातली. कर्जपण मिळत नाही असल्या जागेवर.

हुक्केरीचे_गुरुजी
ह्यांनी सांगितलं ते पहिलं करा, त्यात मला काही बोलायचं नाही.

वैशालीताई, दैन्य हे नाव मला माहीत आहे आणि तुमची आईची बाजू मी घ्यायला हवी होती, ती राहिली. घर ह्या विषयापुरतं मात्र मी एवढंच म्हणतो की दोन्ही मालक एकमेकांत गुंतलेत, म्हणून चौथं उठलं की बारावं उठतं. पैसा जाईल तेव्हाच घर येईल, पैसा वाचवून घर येणार नाही. दैन्य कुठं खरं ठरतं सांगतो, चौथ्यात राहू किंवा शनि असता, चंद्र अमावास्येजवळचा असता आणि गुरूची दृष्टी नसती, तर तुम्ही म्हणता तसं अर्धवट भिंतींवर गवत उगवलं असतं. इथं ते तीनही नाही.

अनगोळची_वैशाली
तीनही नाही हे मान्य. पण दैन्य तिथं संपतं असं मी म्हणणार नाही, कमी होतं म्हणेन. आपलं ह्यावर जमणार नाही बहुतेक. काळ कधीचा धरता?

हुक्केरीचे_गुरुजी
ज्येष्ठाचा चौथा चरण, २७ अंश ३८ कला असं धरलं तर जन्मावेळी बुधाच्या दशेची साधारण ३ वर्षं शिल्लक. पुढं केतू ७, शुक्र २०, रवी ६, म्हणजे ३६ व्या वर्षी चंद्राची महादशा लागली. चंद्रात चंद्र १० महिने, तो आत्ता चाललाय, मग मंगळ ७ महिने, एप्रिल ते नोव्हेंबर. बघा, ज्या दोघांचं परिवर्तन त्याच दोघांची दशा एकत्र येतेय. भावेशाचं फळ भावेशाच्या काळातच उमटतं, एरवी तो पत्रिकेत नुसता बसून असतो. म्हणून घराचा व्यवहार ह्या सात महिन्यांत उठणार हे मी ठामपणे म्हणतो. त्यानंतर राहू १८ महिने, राहू सातव्यात, व्यवहारात समोरच्या माणसाचं घर ते. टोकन देणं, करार करणं हे राहूत ढकलू नका असं मला वाटतं.

अनगोळची_वैशाली
आणि मला उलटं वाटतं. चंद्र मंगळ म्हणजे नीच नीच एकत्र, घाईचा निर्णय. मी त्या सात महिन्यांत वारसा, कागद, कर्जाची मंजुरी एवढंच करेन आणि रजिस्ट्री चंद्रात गुरू लागल्यावर, कारण चौथ्याला बघणारा तोच एक आहे. त्यापुढं दीड वर्ष थांबायची तयारी असली तर.

मलप्रभाकाठ
फ्लॅटवाला दीड वर्ष थांबणार नाही वो ताई.

शहापूरची_मावशी
थांबला नाही तर दुसरा फ्लॅट मिळतोय गं पोरी. मी २२ वर्षं थांबले.

हुक्केरीचे_गुरुजी
ताई, आता एक शेवटचं विचारतो, आणि हे मी पहिल्यांदा विचारायला पाहिजे होतं. लग्न सिंहेचं ४ अंशच आहे. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं. म्हणजे जन्म वीस मिनिटं आधीचा निघाला तर लग्न कर्क होतंय, आणि मग आपण लिहिलेलं सगळं पाण्यात. कर्क लग्नाला चौथं घर तुळेचं, मालक शुक्र, तो मिथुनेत बाराव्यात. मंगळ मग घराचा मालकच राहत नाही, पाचव्या दहाव्याचा होतो आणि लग्नात येतो. दशापण अडीच तीन महिन्यांनी पुढं जाते, एप्रिलचं जुलै होतंय. १०.२२ ही वेळ कुणी लिहून ठेवलीय, आणि बाळ रडलं तेव्हाची आहे का नर्स बाहेर येऊन सांगितल्याची?

मलप्रभाकाठ
गुरुजी, आत्ता आईला विचारलं. ती म्हणते जन्म बेळगावच्या सरकारी दवाखान्यात, आणि वेळ बाबांनी सांगितलेली. बाबा बाहेर व्हरांड्यात होते. दवाखान्याचं कार्ड ट्रंकेत असेल म्हणते, माळ्यावर. रविवारी गावाला जाऊन काढते. पण आईला तुमचं वाचून दाखवलं, मावशींचं २२ वर्षांचंपण. आज दोन भाकऱ्या खाल्ल्या.

गोवावेस_सचिन
गुरुजी मी धागा काढलाय, "तुळेचा मंगळ बाराव्यात" नावाचा, वेळ मिळाला की या

निपाणी_नाका
ताई कार्डावर आधीची वेळ निघाली तर इथं नक्की टाका. शुक्र बाराव्यातला चतुर्थेश मी सुरू करतो, आणि ह्या वेळी नवमांश आधी काढतो.

हुक्केरीचे_गुरुजी
काढा, आणि शुक्राचा यजमान बुध कुठं आहे तेपण विचारा, ताईंनी बुध लिहिलाच नाही.